चार अक्षरांच्या कथा (लेखांक नववा) : मुळ्यासारखा हत्ती

कोल्ह्याने वाघाचा दरारा कसा उसना घेतला, ते या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी पाथरीच्या एका वाचकभगिनींचे पत्र आले, आणि त्यातील प्रश्न इतका मार्मिक आहे की कोल्ह्याचे प्रकरण पुढील खेपेपर्यंत तहकूब ठेवणेच मला प्रशस्त वाटते. चिनी भाषेतील हे चौअक्षरी 'छंग-यू' सगळे चिनी मातीतच उगवले, की एखादा आपल्याकडूनही तिकडे गेला, असे त्या विचारतात.

गेला आहे, आणि तोही असा, की त्याची कथा आपल्याकडे पोरासोरांनासुद्धा ठाऊक असते. 'मांग-रन-मो-श्यांग' हा तो वाक्प्रचार. पहिल्या दोन अक्षरांचा मिळून आंधळा माणूस होतो, तिसरे चाचपण्याचे आणि चौथे हत्तीचे. विभक्ती नाही, अव्यय नाही, आणि तरीही चिनी वाचकाच्या मनात अख्खी कथा उभी राहते, कारण ती त्याला आधीपासून माहीत असते.

ही कथा चिनी लिपीत नेणाऱ्यांपैकी एक होता धर्मक्षेम. मध्यदेशात जन्मलेला हा बौद्ध पंडित काश्मीर आणि मध्य आशियाच्या वाटेने आजच्या कान्सू प्रांतातील कूत्सांग नगरीस पोहोचला आणि तेथे इ. स. 421 मध्ये त्याने 'महापरिनिर्वाणसूत्रा'चे चिनी भाषांतर पुरे केले. पुढे त्याच ग्रंथाचा उर्वरित भाग मिळवण्यासाठी तो पश्चिमेकडे निघाला असता, कूत्सांगच्या राजाच्या माणसांनी इ. स. 433 मध्ये त्याचा वध केला.

या सूत्रात राजा प्रधानास हुकूम करतो की हत्ती आणून आंधळ्यांना दाखव. ते हात लावून पाहतात, आणि मग राजा एकेकाची जबानी घेतो. सुळा चाचपणारा म्हणतो, हत्ती मुळ्यासारखा आहे. कान धरणारा म्हणतो, सुपासारखा. मस्तकाला हात लावणारा दगडासारखा, सोंडेला लावणारा मुसळासारखा, पायाला लावणारा उखळासारखा म्हणतो. पाठीवर हात फिरवणाऱ्यास तो बाजेसारखा, पोटाशी गेलेल्यास रांजणासारखा आणि शेपूट हाती आलेल्यास दोरासारखा वाटतो. पाली 'उदान' ग्रंथात हीच कथा श्रावस्तीच्या राजाची म्हणून येते; तेथे सोंड नांगराच्या इसाडासारखी आणि धड धान्याच्या कोठीसारखे आहे, आणि शेवटी सगळे आंधळे एकमेकांना बुक्क्यांनी बडवतात. सूप मात्र दोन्हीकडे आहे.

चिनी सूत्रात मारामारी नाही, आणि मला तेथील निवाडा फार सखोल वाटतो. ग्रंथकार म्हणतो की या आंधळ्यांनी हत्तीचे संपूर्ण शरीर सांगितले नाही हे खरे, परंतु त्यांनी ते मुळीच सांगितले नाही असेही नव्हे; कारण ही सारी अंगे वगळली तर दुसरा हत्ती उरतच नाही. तेथे हत्ती म्हणजे बुद्धस्वभाव आणि आंधळे म्हणजे अज्ञानी जीव. पुढे वापरात घासून चार अक्षरे उरली, तेव्हा या निवाड्याचा उत्तरार्ध गळून पडला आणि केवळ दोष राहिला: अंशावरून समग्राचा निर्णय करणे. आज चिनी लेखक हा वाक्प्रचार कोणाविषयी वापरतो तेव्हा तो दूषणच देत असतो.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा लागतो. मागे आपण पाहिलेला विहिरीत बसून आकाश पाहणारा मनुष्य बाहेर पडलेलाच नसतो. हा आंधळा मात्र हत्तीपर्यंत गेलेला असतो आणि त्याच्या हाताला लागलेले खरेच असते. ज्याला विषयाची काहीच माहिती नाही, त्याला हा छंग-यू लावता येत नाही. पाथरीकडील जायकवाडीच्या कालव्याखालचा ऊस पाहून जो परभणी जिल्हा बागायती ठरवील, किंवा जिंतूरकडील मुरमाड राने पाहून जो तो उजाड ठरवील, त्या दोघांनाही तो चपखल बसतो, कारण दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलेच सांगितले.

संस्कृतात याच कथेचा 'अंधगजन्याय' झाला आणि जैन तार्किकांनी तो अनेकान्तवादाच्या समर्थनार्थ योजला. मराठीत ती तेराव्या शतकात श्रीचक्रधरांच्या मुखी आली आणि केशिराजबासांनी संकलित केलेल्या 'दृष्टांतपाठा'त हत्तीचा दृष्टांत म्हणून नोंदली गेली. आपल्या जिल्ह्यात ज्यांच्या घरी महानुभावांच्या जुन्या पोथ्या असतील, त्यांनी त्या दृष्टांतात सुळ्याला कशाची उपमा दिली आहे तेवढे पाहून मला अवश्य कळवावे; मुळा जर तेथेही निघाला, तर कोल्हा आणखी एक आठवडा थांबेल.