गिरणी बंद राहील

गणपतीच्या आधी पंधरवडाभर मुंबई, ठाणे, डोंबिवलीच्या गल्ल्यांमधून एक कागद दिसायला लागतो. 'गणपतीनिमित्त गावी जात असल्याने दुकान बंद राहील.' वाण्याचं दुकान बंद असलं तर साखर दुसरीकडून आणता येते, पण पिठाची गिरणी बंद म्हणजे घरातल्या रोजच्या पोळ्यांचा प्रश्न असतो. म्हणून कोकणातल्या गिरणीवाल्याने लावलेली सूचना मला सगळ्यांत जबाबदारीची वाटते. ती नीट लिहिलेली असेल तर दहा-अकरा दिवसांच्या सुट्टीतही कुणाच्या घरी पिठाचा डबा रिकामा होत नाही.

बहुतेक सूचना घसरतात त्या दिवसांच्या हिशेबात. 'गौरी-गणपतीसाठी पाच दिवस बंद' असं सवयीने लिहिलं जातं. गणपती येतो चतुर्थीला, पण गौरी येतात नक्षत्रावर. अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. तिथी आणि नक्षत्र दरवर्षी एकाच चालीने जात नाहीत. २०२३ मध्ये गौरींसोबत गणपती पाचव्या दिवशी गेले, २०२४ मध्ये सहाव्या आणि २०२५ मध्ये सातव्या. त्यात येण्याजाण्याचा प्रवास धरायचा. 'गौरी विसर्जनानंतर सुरू' एवढंच लिहिलं, तर गिऱ्हाईक विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी दहा किलो गहू उचलून येतं आणि कुलूप बघून परत जातं. त्यामुळे सूचनेत तिथी नको. वार आणि तारीख दोन्ही हवेत. घाईत तारीख चुकली तरी वार जुळत नाही म्हणून चूक लगेच लक्षात येते.

२०२५ चंच उदाहरण धरू. गणेश चतुर्थी बुधवार, २७ ऑगस्टला होती. समजा, डोंबिवलीतल्या गिरणीवाल्याचं घर कणकवलीच्या बाजूला आहे आणि घरचा गणपती गौरींबरोबर जातो. रविवारी, २४ तारखेला रात्री तो निघाला. २ सप्टेंबरला, मंगळवारी विसर्जन. बुधवारी परतीची गाडी, गुरुवारी घरी पोचून साफसफाई आणि शुक्रवारी, ५ तारखेला गिरणी सुरू. म्हणजे बंद दिवस झाले अकरा. गुरुवार मुद्दाम मोकळा ठेवायचा. गणपतीच्या परतीला महामार्ग तुंबतो, गाड्या उशिरा येतात, आणि सूचनेत लिहिलेल्या दिवशी गिरणी उघडली नाही तर पुढच्या वर्षीच्या सूचनेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने कळीची तारीख बंद होण्याची नसतेच. दळण शेवटचं कधी घेणार, ही असते. निघायच्या आधीचे दोन-तीन दिवस गिरणीत डब्यांची रांग लागते. रविवारी दुपारपर्यंत सगळं दळून द्यायचं असेल, तर शनिवारी दुपारीच डबे घेणं थांबवावं लागतं. म्हणून माझ्या मते सूचना अशी असावी:

'गणपतीनिमित्त गिरणी सोमवार, २५ ऑगस्ट ते गुरुवार, ४ सप्टेंबर बंद राहील. शुक्रवार, ५ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता सुरू होईल. दळण शनिवार, २३ ऑगस्ट दुपारी १ पर्यंतच घेतले जाईल. डबे रविवारी दुपारी १ च्या आत घेऊन जावेत.'

शेवटची ओळ फार जण गाळतात, आणि मग भरलेले डबे बंद गिरणीत अडकून पडतात. डबा गिरणीवाल्याच्या ताब्यात, पीठ आपलं, आणि घरी पाहुणे.

सूचना लावायची कधी? चार माणसांच्या घरात गहू साधारण पंधरा दिवसांनी, काही घरी महिन्याने दळायला येतात. तीन दिवस आधी कागद लावला, तर त्या तीन दिवसांत जे आले त्यांनाच कळणार. गिऱ्हाइकाच्या दोन फेऱ्यांमध्ये जेवढं अंतर असतं, त्याहून जास्त दिवस सूचना दिसायला हवी. ऑगस्टच्या सुरुवातीला लावली तर बहुतेकांना एक फेरी तरी मिळते. त्याआधी लावणं गिरणीवाल्यालाही जड जातं. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पण गणपतीच्या गाड्या लगेच भरतात, आणि प्रतीक्षा यादीतलं तिकीट पक्कं होईपर्यंत निघायचा दिवस त्याच्या हातात नसतो.

दुसरी गोष्ट जागेची. कागद शटरवर चिकटवला की दिवसभर तो गुंडाळून वर जातो. गिरणी चालू असताना सूचना कुणालाच दिसत नाही, आणि दिसते तेव्हा गिरणी बंद झालेली असते. म्हणून कागद दोन हवेत. पहिला वजनकाट्याच्या मागे, डोळ्यांच्या उंचीवर. डबा काट्यावर ठेवला की माणूस आकडा बघायला मान वर करतोच. दुसरा निघताना शटरवर, आणि त्यात सुरू होण्याचा दिवस सगळ्यांत मोठ्या अक्षरात. पावसाचे दिवस असल्याने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, उघडी बाजू खाली करून लावावा. नाहीतर दुसऱ्या सरीत शाई उतरते आणि ५ आहे की ६, ते वाचता येत नाही.

गिऱ्हाइकानेही ती सूचना धान्यानुसार वाचायला हवी. गहू आधी दळून ठेवले तर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात अकरा दिवस सहज निघतात. बाजरीचं तसं नाही. तिच्यात स्निग्धांश जास्त, दळल्यावर तो हवेला उघडा पडतो आणि आठवडाभरात पीठ कडवट होतं. वास घेऊन नाही कळलं तर चिमूटभर जिभेवर ठेवावं. त्यामुळे बाजरी थोडीच दळावी आणि त्या दिवसांत भाकरी ज्वारीची किंवा तांदळाची करावी.

मोदकाच्या पिठीसाठी तर तारीख आणखी अलीकडे येते. तांदूळ धुऊन, सावलीत पसरून पूर्ण सुकायला हवेत. श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत पंख्याखालीही दीड-दोन दिवस लागतात. ओलसर तांदूळ दगडाला चिकटतात, पीठ गरम होतं आणि गोळे पडतात. दाणा दाताखाली कट्कन तुटला तर तो सुकला असं समजावं. शनिवारी दुपारी दळण बंद होणार असेल, तर तांदूळ गुरुवारी सकाळी धुतलेले हवेत. शिवाय पिठी तांदळावर तांदूळ अशीच दळून घ्यावी लागते. आधीच्या गव्हाचा अंश मिसळला तर उकडीचा रंग मळतो. चांगला गिरणीवाला शेवटच्या दिवसांत तांदळाची वेळ वेगळी ठेवतो, आणि ती वेळही सूचनेत असेल तर फार सोय होते.

गावाहून आल्यावरचा पहिला दिवस मात्र थोडा सांभाळून घ्यावा. निघताना यंत्र झाडून घेतलं तरी दोन दगडांच्या फटीत थोडं पीठ राहतंच. ते अकरा दिवस ओल धरतं, त्याला कुबट वास येतो, कधी पोरकिडे होतात. काळजीवाहू गिरणीवाला वरचा दगड उघडून ब्रशने साफ करतो आणि पहिल्यांदा स्वतःचे दोन-तीन किलो गहू दळून ते पीठ बाजूला काढतो. तो हे करतो की नाही, ते आपण सरळ विचारावं. त्यात संकोच वाटायचं कारण नाही. तोपर्यंत शुक्रवारी सकाळी फक्त गहू न्यावेत, आणि उपासाचा राजगिरा किंवा वरई शनिवारवर ठेवावी.