थांबलेल्या कड्यावरून वाहणारं पाणी

साताऱ्याजवळच्या ठोसेघरला पावसाळ्यात गेलेला प्रत्येक जण धबधब्याचा फोटो काढतो, निदान मोबाईलवर छोटा व्हिडिओ तरी करतो. या दोन्हींच्या मधली एक गोष्ट तिथे करता येते, ती म्हणजे सिनेमाग्राफ. त्यात काळा कडा, त्यावरचं गवत, कठड्याला टेकलेली माणसं आणि त्यांच्या छत्र्या सगळं फोटोतल्यासारखं स्थिर असतं. पाणी मात्र कोसळत राहतं. ते कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे कळत नाही, कारण ते संपतच नाही.

हे नाव रूढ केलं न्यूयॉर्कच्या छायाचित्रकार जेमी बेक आणि त्यांचे सहकारी केविन बर्ग यांनी. २०११च्या सुमारास त्यांनी फॅशनच्या जगातली अशी चित्रं करायला सुरुवात केली. पुतळ्यासारख्या उभ्या मुलीच्या केसांची एखादी बट उडतेय किंवा पोशाखाची किनार हलतेय, आणि बाकी सारं शांत. निसर्गचित्रात हाच खेळ जास्त अवघड होतो. उडणाऱ्या बटेला मॉडेलच्या मदतीने, पंख्याच्या वाऱ्याने हवं तसं हलवता येतं. पाणी आणि ढग कुणाचं ऐकत नाहीत, आणि त्यांच्या शेजारची झाडंही.

सिनेमाग्राफची मूळ रचना सोपी आहे. एकाच जागेवरून घेतलेल्या व्हिडिओतली एक फ्रेम निवडायची आणि ती व्हिडिओच्या वर ठेवायची. मग तिच्यात जिथे पाणी आहे तेवढ्या भागाला भोक पाडायचं, म्हणजे खालचा चालू व्हिडिओ तिथून दिसतो. या भोकाला मास्क म्हणतात. अशा चित्रात दोन जोड तयार होतात. एक जागेचा, म्हणजे स्थिर चित्र आणि हलतं पाणी जिथे भेटतं ती कड. दुसरा काळाचा, म्हणजे व्हिडिओ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो तो क्षण. बघणाऱ्याला यातला एक जरी दिसला तरी जादू गेली. सगळी मेहनत हे दोन जोड कुठे बसवायचे यातच आहे, आणि ती चित्रीकरणाच्या आधीपासून सुरू होते.

ठोसेघरचाच विचार करू. धबधब्यासमोर, दरीच्या अलीकडे पर्यटकांसाठी बांधलेली जागा आहे. तिथे ट्रायपॉड लावायचा तर कठड्याला न टेकवता आणि माणसांच्या वर्दळीपासून दूर लावायचा, कारण कठड्याला कुणी हात लावला तरी कॅमेरा थरथरतो. ती थरथर व्हिडिओत एरवी जाणवत नाही. सिनेमाग्राफमध्ये मात्र वरचा कडा थिजलेला असतो आणि भोकातला ओला खडक केसभर सरकतो, ते लगेच डोळ्यात भरतं. ट्रायपॉडवर असताना कॅमेऱ्यातली किंवा मोबाईलमधली कंपन रोखणारी सोय बंद ठेवायची. नसलेली हालचाल भरून काढण्याच्या प्रयत्नात तीच चित्राला हळूहळू सरकवू शकते. फोकस, रंगसंतुलन आणि प्रकाशाचं माप हे तिन्ही हाताने ठरवून कुलूपबंद करायचं. कॅमेऱ्याने मध्येच आपल्या मनाने उजेड वाढवला, तर पाणी एकाएकी उजळेल आणि खडक तसाच राहील.

शटरचा प्रश्न महत्त्वाचा. सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल तर शटर १/५० सेकंदाच्या आसपास ठेवावं. त्या वेगाला प्रत्येक थेंबाची छोटी रेघ होते आणि पाणी रेशमासारखं दिसतं. १/१००० ठेवलं तर प्रत्येक थेंब टोकदार येतो, पाणी तुटक पडतंय असं वाटतं आणि पुढे काळाचा जोड लपवणं कठीण जातं. पावसाळी ढगाळ उजेडात १/५० सहज मिळतं. लख्ख ऊन असेल तर लेन्ससमोर उजेड कमी करणारी काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावावी लागते. खरं तर ऊन नसलेलंच बरं. ढगाआड जाणारा सूर्य बारा-पंधरा सेकंदांतही पाण्याचा रंग बदलून टाकतो.

आता मास्क. नवखा माणूस पाण्याच्या बरोबर काठावरून मास्क काढतो आणि तिथेच फसतो. धबधब्याला काठ नसतोच. बाजूच्या खडकावर शिंतोडे उडतात, त्यावरून पाण्याचे पातळ ओघळ सरकत असतात, खाली तुषारांचा पडदा असतो. पाण्याच्या काठावर मास्क थांबवला तर शिंतोडा हवेत अर्धा कापलेला दिसतो. म्हणून मास्क थोडा बाहेर, कोरड्या आणि न हलणाऱ्या खडकापर्यंत न्यायचा. तिथे वरची फ्रेम आणि खालचा व्हिडिओ तंतोतंत सारखे असतात, म्हणून कड कुठेही पडली तरी दिसत नाही. खडकापाशी ही कड बऱ्यापैकी रेखीव चालते. तुषारांमध्ये ती रुंद आणि मऊ ठेवायची, म्हणजे हलतं धुकं हळूहळू थांबलेल्या धुक्यात मिसळतं.

खरी अडचण येते ती पाण्यासमोर आलेल्या फांदीची. धबधब्याच्या वाऱ्याने ती सतत डोलते. तिला थिजवावं तर तिच्या पानांमधून दिसणारं पाणीही थिजतं. हलू द्यावं तर फांदीचा तुकडा हलतो आणि झाड स्थिर राहतं. यावर सॉफ्टवेअरमध्ये तासन्‌तास घालवण्यापेक्षा जागेवरच दोन पावलं बाजूला सरकून फांदी चौकटीबाहेर काढावी.

काळाच्या जोडाकडे वळू. पडदा किंवा मेणबत्तीची ज्योत असेल तर व्हिडिओ पुढे चालवून तसाच उलटा मागे आणता येतो. धबधब्याला हे चालत नाही. उलट चाललेलं पाणी कड्यावर चढू लागतं. इथे उपयोगी पडतो तो क्रॉसफेड, म्हणजे शेवटच्या फ्रेम सुरुवातीच्या फ्रेममध्ये विरघळवणं. समजा आपल्याला ४ सेकंदांचं, म्हणजे १०० फ्रेमचं आवर्तन हवंय. त्यासाठी व्हिडिओतल्या सलग १२५ फ्रेम घ्यायच्या. शेवटच्या २५ फ्रेम, १०१ ते १२५, कापून पहिल्या २५ फ्रेमवर ठेवायच्या आणि त्यांची गडदता पूर्णापासून शून्यापर्यंत उतरवत न्यायची. आता चित्र सुरू होतं तेव्हा १०१वी फ्रेम दिसते, सेकंदाभरात ती विरून २६वी येते, आणि शेवटी असते १००वी. १००नंतर पुन्हा १०१. पाणी एकदाही उडी मारत नाही.

गणित बिनचूक असूनही या जोडात एक खोट राहते. विरघळण्याच्या ऐन मध्यावर दोन वेगळ्या क्षणांचं पाणी निम्मं निम्मं मिसळलेलं असतं. पाण्याच्या पांढऱ्या आणि गडद रेघा एकमेकींना खोडतात, उठाव सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. परिणामी दर चार सेकंदांनी पाणी क्षणभर मलूल होऊन पुन्हा ताजं होतं, जणू श्वास घेतंय. पहिल्या आवर्तनात हे कळत नाही. तिसऱ्या-चौथ्यांदा डोळा ती लय पकडतो. म्हणून तपासताना चित्र निदान मिनिटभर फिरत ठेवावं, आणि थोडं लांबून बघावं.

यावरचा चांगला उपाय धबधब्याच्या रचनेतच आहे. पाणी क्वचितच एका सपाट चादरीसारखं पडतं. त्याच्या धारा असतात, मध्ये खडकाचे सुळके असतात. प्रत्येक धारेला वेगळा मास्क द्यायचा आणि तिचा जोड वेगळ्या क्षणी बसवायचा: एकीचा सुरुवातीला, दुसरीचा सव्वा सेकंदाने, तिसरीचा अडीच सेकंदांनी. आवर्तन चारच सेकंदांचं राहतं, पण संपूर्ण पाणी एकदम कधीच मलूल होत नाही. धारा एकमेकींना शिवत असतील तर मात्र हे जमत नाही. अशा वेळी आवर्तनच आठ-दहा सेकंदांचं करणं शहाणपणाचं, कारण लय जितकी संथ तितकी ती पकडायला कठीण.

ठोसेघरहून पुढे गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं, पवनचक्क्यांचं. तिथे सगळा खेळ ढगांचा. चार सेकंदांत ढग जेमतेम सरकतो, म्हणून व्हिडिओऐवजी टाइमलॅप्स घ्यायचा. दर दोन सेकंदांना एक फोटो, असे दहा मिनिटांत ३०० फोटो मिळतात. सेकंदाला २५ या वेगाने ते १२ सेकंद चालतात आणि ढग पन्नासपट वेगाने धावतात.

थिजलेली पवनचक्की आणि तिच्यामागून वाहणारे ढग हे मोहात पाडणारं चित्र आहे, पण पाती प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात. आकाशाला भोक पाडलं की तीही भोकातून फिरताना दिसतात. यातून वाट निघते. लागोपाठच्या पाच फोटोंमध्ये एखाद्या ठिपक्यावर पातं बहुतेक वेळा एखाद्याच फोटोत असतं. बाकीच्यांत तिथे आकाश असतं. त्या पाच रंगांना उजेडाच्या क्रमाने लावून मधला निवडला की पातं गळून पडतं आणि आकाश उरतं. प्रत्येक फोटोसाठी असं केलं की पात्यांविना ढग मिळतात, अगदी किंचित मऊ झालेले. मग एकाच फोटोतली पाती त्यावर बसवायची. चक्कीच्या मध्याजवळ पाती रुंद आणि दाट असल्याने ही युक्ती तिथे कमी पडते, म्हणून तेवढा भाग थिजलेलाच ठेवलेला बरा.

ढगांचा क्रॉसफेड पाण्यापेक्षा नाजूक असतो. निळ्या आकाशातल्या सुट्या पांढऱ्या ढगाला ठळक आकार असतो. तो विरताना आणि दुसरा उगवताना दोन्ही भुतासारखे दिसतात. उलट आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या कड्यावरून ओघळणारं धुकं मुळातच जागच्या जागी तयार होतं आणि विरतं, त्यामुळे त्यात दोन-तीन सेकंदांचा लांब क्रॉसफेडही खपून जातो. शिवाय उन्हात धावणाऱ्या ढगांच्या सावल्या पठारावरून सरकत असतात. आकाश हलतं ठेवून जमीन थिजवली की सावली एका जागी चिकटते आणि वर ढग निघून जातो. पाहणाऱ्याला काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. पूर्ण झाकोळलेल्या दिवशी जमिनीवर सावलीच नसते, आणि प्रश्नही उरत नाही.

तयार चित्र कोणत्या स्वरूपात साठवायचं, यात जुनी सवय अजून अडचण करते. सिनेमाग्राफ लोकप्रिय झाले ते जिफ स्वरूपात, पण जिफच्या एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. धबधबा कसाबसा निभावतो. ढगांच्या हळुवार करड्या छटांचे मात्र पट्टे पडतात. एमपी४ व्हिडिओत हा त्रास फार कमी, आणि चित्राचा मोठा भाग स्थिर असल्याने फाइलही लहान होते. फक्त काही मोबाईल व्हिडिओ पुन्हा सुरू करताना निमिषभर अडखळतात आणि महत्प्रयासाने लपवलेला जोड उघडा पाडतात. त्यासाठी चार सेकंदांचं आवर्तन एकाच फाइलमध्ये दहा-पंधरा वेळा जोडून ठेवावं; मग अडखळण मिनिटातून एखाद्या वेळीच येते.