गर्भ पडल्यानंतर घरी द्यायचे पत्र

२० आठवड्यांपूर्वी आपोआप गर्भ पडणे म्हणजे नैसर्गिक गर्भपात. पत्र नवरा-बायको दोघांच्या नावे असते. सुरुवात साधी: ‘तुमचं बाळ गेलं, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. ताई, शेतात राबलात, पाण्याचे हंडे वाहिलेत म्हणून हे झालं नाही.’

पुढे काळजी:

• रक्तस्राव साधारण दोन आठवड्यांत थांबतो. तासाला दोन पॅड भिजले आणि हे दोन तास चालले, ताप आला किंवा घाण वासाचा स्राव गेला, तर लगेच निघावे. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. गाडीसाठी १०८.

• आईचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारावे.

• तीन आठवड्यांनी लघवीची गर्भधारणा चाचणी. पॉझिटिव्ह आल्यास पुन्हा तपासणी.

• पाळी बहुधा ४ ते ६ आठवड्यांत येते. त्याआधीही दिवस राहू शकतात.