वाढलेलं प्रोलॅक्टिन खरं किती?

समजा, पाळी नियमित असलेल्या एका बाईंचं प्रोलॅक्टिन ८२ नॅनोग्रॅम आलं. स्त्रियांमध्ये साधारण २५पर्यंत ठीक मानतात. हा आकडा तसाच हाती दिला, तर पुढची पायरी बहुधा मेंदूचा एमआरआय आणि गोळ्या.

पण काहींच्या रक्तात या हार्मोनला अँटिबॉडी चिकटून मोठा रेणू बनतो, तो मॅक्रोप्रोलॅक्टिन. तो रक्तातून लवकर निघून जात नाही, म्हणून साठतो. शरीरावर त्याचा परिणाम जवळजवळ नसतो. यंत्र मात्र त्यालाही मोजतं.

म्हणून रिपोर्टआधी सीरममध्ये तितकंच पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं २५ टक्के द्रावण मिसळतात. थोड्या वेळाने सेंट्रिफ्यूज केलं की मोठे रेणू तळाशी बसतात. वरच्या पाण्यात प्रोलॅक्टिन ७ भरलं; नमुना निम्मा पातळ झाला होता, म्हणून दुप्पट, १४. मूळच्या जेमतेम १७ टक्के! ४०च्या खाली म्हणजे बहुतांश मॅक्रोप्रोलॅक्टिनच.

तरी नुसत्या टक्क्यांवर विसंबू नये. मूळ आकडा ३०० असेल, तर २० टक्के म्हणजेही ६०, आणि ते खरंच जास्त. शिवाय हे द्रावण थोडं साधं प्रोलॅक्टिनही खाली ओढतं. त्यामुळे उरलेला आकडा अशाच प्रक्रियेतून ठरवलेल्या मर्यादेशी ताडून रिपोर्टवर छापायला हवा.