म्हणून, पण आणि प्रश्नचिन्ह

रात्रीचे साडेदहा वाजलेत. पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहातली दोन कॉटची खोली. उद्या सकाळी अकराला एस.वाय.बी.ए.चा इतिहासाचा पेपर. मुलगी बारामती तालुक्यातली. गोष्टीपुरतं तिला वैदेही म्हणू, कारण ती अशा कितीतरी मुलींमधली एक आहे.

तिच्यापुढे १८७५च्या दख्खनच्या दंग्यांवरची अकरा झेरॉक्स पानं आहेत. तिसऱ्यांदा वाचून झालीत. पिवळ्या मार्करने इतकं रंगवलंय की न रंगवलेलं वाक्यच आता उठून दिसतं. म्हणून तिने सारांश काढायला घेतला. पानावर होतं की अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तिथला कापूस येईना, तेव्हा इंग्लंडचे गिरणीमालक हिंदुस्थानी कापसाकडे वळले. तिने लिहिलं, ‘अमेरिकन यादवी युद्ध, कापूस बंद, गिरणीमालक, हिंदुस्थान.’ पुढचं वाक्य घेतलं, त्यातलेही चार शब्द उचलले. पाऊण तासात अकरा पानांची साडेतीन पानं झाली. अक्षर सुरेख, समास सरळ.

ॲन ब्राऊन आणि जीन डे या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८३मध्ये मुलं सारांश कसा काढतात याचा बारकाईने अभ्यास केला होता. लहान इयत्तांतली मुलं वाक्य वाचतात, बिनमहत्त्वाचं गाळतात आणि उरलेलं जवळजवळ जसंच्या तसं उतरवतात, असं त्यांना दिसलं. मोठ्या, सरावलेल्या विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट जमते. चार वाक्यांचं मिळून, पुस्तकात कुठेही नसलेलं पाचवं वाक्य ते स्वतः तयार करतात. वैदेही मोठी होती, पण त्या रात्री ती गाळून उतरवण्याचंच काम करत होती. त्यात हात चालतो, डोळे चालतात, आणि मजकूर वहीत गेला म्हणजे डोक्यातही गेला असं वाटत राहतं.

साडेअकराला शेजारच्या कॉटवरून आवाज आला, “ए, लाइट बंद कर ना गं. माझा पेपर आठ वाजता आहे.”

वैदेहीने लाइट घालवला. अंधारात पडल्या पडल्या तिने प्रकरण मनाशी म्हणून बघितलं. १८६१ला अमेरिकेत युद्ध, कापसाला भाव आला, सावकारांनी भरपूर कर्जं दिली. १८६५ला युद्ध संपलं. १८७५ला सुप्याला लोकांनी सावकारांचे रोखे जाळले. आणि मधली दहा वर्षं? तिथे नुसती पिवळी पट्टी आठवत होती, मजकूर नाही. शिवाय लोकांनी रोखेच का जाळले? सुप्याच्या पाटीवरून तिची एसटी कितीदा गेली असेल, पण हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता.

ती उठली आणि पेन घेऊन बाहेर व्हरांड्यातल्या दिव्याखाली बसली. सोबत फक्त एक झेरॉक्सचं पान, तेही पाठकोरं म्हणून. बाकीचा गठ्ठा मुद्दाम आतच ठेवला.

मनाशी जे म्हणता आलं होतं, तेच तिने लिहायला घेतलं. एकेका ओळीत एक पूर्ण वाक्य. दोन ओळी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की दुसरी ओळ पहिलीतून निघायला हवी, नाहीतर ती पुन्हा यादीच. मग तिने स्वतःला अट घातली. दोन ओळींच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ यांपैकी एक शब्द आलाच पाहिजे. दोन्ही बसत नसतील तर तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढे जायचं. पुस्तक उघडायचं नाही.

पान असं तयार झालं. अमेरिकेत युद्ध सुरू झालं, म्हणून तिथला कापूस इंग्लंडला मिळेना. म्हणून मुंबईचे व्यापारी इथल्या कापसासाठी पैसा ओतू लागले. म्हणून तो पैसा शहरातल्या सावकाराकडून गावच्या सावकाराकडे आणि तिथून रयतेकडे कर्ज म्हणून सहज पोहोचू लागला. पण १८६५मध्ये युद्ध संपलं आणि अमेरिकेचा कापूस परत येऊ लागला. म्हणून इथला भाव पडला. म्हणून सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुनी बाकी मागायला सुरुवात केली. इथे पहिलं प्रश्नचिन्ह आलं. भाव पडला म्हणून रयत अडचणीत आली हे खरं, पण तिला नेमकं तेव्हाच नवं कर्ज का लागत होतं? दुसरं प्रश्नचिन्ह रोख्यांपाशी.

आता ती खोलीत गेली आणि मोबाइलच्या उजेडात या दोनच प्रश्नांसाठी पानं चाळली. पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांत सापडलं. साधारण त्याच सुमारास सरकारने जमिनीची फेरआकारणी केली होती आणि काही ठिकाणी सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढवला होता. म्हणजे उत्पन्न उतरलं आणि सारा चढला. सारा भरायला कर्ज हवं, पण सावकार देईना.

दुसऱ्याचं उत्तर ज्या परिच्छेदात होतं, तो तिने तीन वेळा रंगवला होता. १८५९मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीनच वर्षं ग्राह्य धरायचा, म्हणजे व्याज साठत जाणार नाही, असा हेतू. पण सावकारांनी तो उलटा फिरवला. दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि रयतेकडून नव्या रोख्यावर अंगठा घ्यायचा. वैदेहीने समासात हिशेब मांडला. समजा कर्ज शंभर रुपये आणि व्याज सालीना पंचवीस टक्के. तीन वर्षांत पंच्याहत्तर रुपये व्याज थकलं, म्हणून नवा रोखा १७५चा. पुढच्या तीन वर्षांत त्यावर आणखी १३१ रुपये चार आणे. सहा वर्षांत शंभराचे तीनशे सहा. मुद्दल तेच राहिलं असतं, तर अडीचशेच झाले असते. या वाढीचा एकमेव पुरावा म्हणजे तो रोखा, आणि रयतेला तो वाचताही येत नव्हता. म्हणून १२ मे १८७५ रोजी सुप्याला लोकांनी वह्या आणि रोखे मागितले आणि त्यांची होळी केली.

रात्री पाऊणला पान पूर्ण झालं. मग तिने दुसरंच प्रकरण वाचायला घेतलं आणि दीड वाजता, आधीचं पान न बघता, दंग्यांची साखळी पुन्हा एकदा लिहून काढली. या वेळी एकच ओळ सुटली, फेरआकारणीची. तिच्यापुढे तिने खूण केली आणि ती झोपली.

तिला हे ठाऊक नव्हतं, पण तिची पद्धत बऱ्याच भक्कम पुराव्यावर उभी होती. हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदाच अभ्यासला आणि नंतर तीन वेळा, न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. वाचताना ‘आलं आलं’ असं वाटतं, ते खोटं नसतं. ते त्या पाच मिनिटांपुरतं खरं असतं.

जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित रीती तपासल्या. त्यांत स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागून करणं या दोन रीती सर्वांत वर आल्या. अधोरेखन, पुन्हा वाचणं आणि सारांश काढणं हे तिन्ही खालच्या गटात गेले. सारांशाबद्दलचा त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. तो नीट काढायला आधी शिकावं लागतं आणि बहुतेकांना तो तसा शिकवलेला नसतो. वैदेहीचं पहिलं, साडेतीन पानांचं टिपण आणि व्हरांड्यातलं पान, दोन्हींना आपण सारांशच म्हणतो. पण पहिलं पुस्तकातून वहीत आलं होतं, दुसरं डोक्यातून. दुसरं लिहिताना ती सारांशाच्या नावाखाली स्वतःची परीक्षाच घेत होती.

या रीतीचे तोटेही आहेत. जिथे कारणांची साखळीच नाही, तिथे ती चालत नाही. व्हाइसरॉयांचा क्रम किंवा कायद्यांची सनं ‘म्हणून’ने जोडली जात नाहीत, ती पाठच करावी लागतात. दुसरा धोका अधिक वाईट. ‘म्हणून’ हा शब्द फार सहज बसतो. एकानंतर दुसरं घडलं की लगेच ‘म्हणून’ लिहिण्याचा मोह होतो. हे ओळखायचं कसं? त्या जागी ‘पण’ घालून बघायचं आणि विचारायचं की हे असं कोण म्हणतं. याच प्रकरणात त्याचं उदाहरण आहे. दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७८मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला. आयोगाने दोष सावकारांना दिला आणि सरकारी साऱ्याला मोकळं सोडलं. वैदेहीच्या पानावर सारा हा साखळीतला ठळक दुवा होता. सरकारने नेमलेल्या आयोगाला तो दुवा का दिसला नाही, हा प्रश्न साखळी मांडली म्हणूनच विचारता येतो. तिसरी मर्यादा वेळेची. एका प्रकरणाला तिचा सव्वा तास गेला. अशी आठ प्रकरणं एका रात्रीत होत नाहीत, आणि तिचीही झाली नाहीत.

सकाळी पेपरात दंग्यांची कारणं आलीच नाहीत. टीप आली ती १८७९च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टवर. त्यातल्या तरतुदी तिने पाठ केल्या नव्हत्या. पण साखळीची पुढची ओळ काय असेल, असा तिने विचार केला. दुखणं रोख्यात होतं, म्हणून कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ हिशेब तपासू दिला असणार. वर्गात ऐकलेलंही त्याबरोबर वर आलं. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकणंही त्याच कायद्याने बंद केलं होतं. दोन्ही मुद्दे बरोबर होते. कर्जाचे दस्त नोंदवणाऱ्या ग्रामनिबंधकांची तरतूद मात्र तिच्याकडून सुटली, कारण ती साखळीतून निघणारी नव्हती. ती पाठच करायला हवी होती.