अडीचशे ताटांचं मटण: केटररला लिहायचं पत्र

समजा, कोल्हापुरातलं एक जोडपं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अडीचशे माणसांना तांबडा-पांढऱ्याचं जेवण घालणार आहे. केटररच्या कागदावर बहुतेक वेळा एवढंच असतं: ‘मटण ताट, २५०’. त्यात मटण किती, ते कुठेच नसतं. म्हणून जोडप्याचं पत्र वजनापासून सुरू व्हायला हवं.

‘माणशी २०० ग्रॅम कच्चं, हाडासकट मटण धरा, म्हणजे एकूण ५० किलो. मुंडी, पाय, वजडी या वजनात धरू नका. खाटकाकडे वजन होताना आमचा माणूस हजर असेल.’ दोनशे ग्रॅममधलं साधारण पाव वजन हाडात जातं आणि उरलेलं शिजताना आटतं. ताटात शंभरेक ग्रॅम मांस येतं, म्हणजे चार-पाच फोडी. शिजलेल्या मटणाच्या वजनावर करार केला, तर रस्साही त्यातच तोलला जातो.

पुढची अट कापांची. ‘सगळं रानाचं द्या’ असं लिहिण्याचा मोह होतो, पण नुसती रान मोठ्या पातेल्यात कोरडी पडते. खांदा, सीना आणि मान यांतल्या चिवट पेशी हळूहळू विरघळतात, म्हणून रश्श्याला अंग येतं. तेव्हा सुक्यासाठी रान आणि खांदा, अळणी पाण्यासाठी मान, सीना आणि नळ्या, अशी वाटणी पत्रात लिहावी. फोडी एकसारख्या हव्यात, नाहीतर लहान विरतात आणि मोठ्या कच्च्या राहतात.

खरी काळजी शिजल्यानंतरची आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू उकळीतही तग धरतात. पातेलं कोमट झालं, विशेषतः ४० ते ४७ अंशांच्या आसपास, की ते जागे होऊन झपाट्याने वाढतात. वासात किंवा चवीत काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी पंगत पोट धरून बसते, आणि दोष बिचाऱ्या तिखटाला. सकाळी शिजवून झाकून ठेवलेलं खोल पातेलं मधोमध तासन्‌तास कोमट राहतं. धोका नेमका तिथे असतो.

म्हणून पत्रात लिहावं: ‘जेवण आठला आहे, मटण संध्याकाळी शिजवा. वाढेपर्यंत ६५ अंशांच्या वर ठेवा. दर अर्ध्या तासाने ढवळून थर्मामीटर पातेल्याच्या मध्यात बुडवून बघा.’ बुफेतल्या भांड्याखालची ज्योत गरम पदार्थ गरम राखते, गार झालेला तापवत नाही. तो आधी चुलीवर खळखळूनच आणावा लागतो.

पांढऱ्या रश्श्याची गोम वेगळी. नारळाचं दूध घातल्यावर जोरात उकळलं तर तो फाटतो, म्हणून आचारी आच काढून घेतो आणि रस्सा निवत जातो. यावर उपाय असा, की अळणी पाणी उकळत ठेवायचं आणि दूध लागेल तसं, थोड्या थोड्या रश्श्यात मिसळायचं.

शेवटची ओळ नातेवाइकांना न आवडणारी: रात्री अकरानंतर मांडवात उरलेल्या मटणाचे डबे कुणालाही भरून द्यायचे नाहीत.