नारळाचा पहिला रस आणि दुसरा रस

कोकण-गोव्याच्या स्वयंपाकात नारळाचा रस दोनदा काढतात. दोन्ही रस आरंभीच एकत्र करून उकळले, तर पदार्थ फुटतो आणि दोष मात्र गुळाला दिला जातो. वास्तविक या दोन रसांची कामे निराळी आहेत.

रसासाठी जून नारळ घ्यावा. शहाळ्याच्या कोवळ्या खोबऱ्यात स्निग्धांश फार थोडा असतो. पाठीचा तपकिरी भाग टाळून खोबरे खवावे, म्हणजे रस पांढराशुभ्र येतो. एका मध्यम नारळाच्या चवात अर्धी वाटीच कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये वाटावे आणि सुती फडक्यातून घट्ट पिळावे. हा पहिला रस. पाणी कोमटच हवे, कारण थंडीत खोबऱ्यातील तेल थिजते आणि चोथ्यातच राहते. चमचा बुडवून काढल्यावर त्यावर दाट पांढरा थर राहिला, तर रस साधला असे समजावे. या वेळी पाणी अधिक पडले, तर हा दाटपणा मिळत नाही.

उरलेल्या चोथ्यात दीड वाटी कोमट पाणी घालून तो पुन्हा वाटून पिळला, की दुसरा, पातळ रस मिळतो. बहुतेक स्निग्धांश आधीच निघून गेल्यामुळे हा रस उकळी सोसतो. पहिल्या रसात तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात. खळखळत्या उकळीने ते एकमेकांत मिसळून तेल वर येते आणि खाली पाणी व कण उरतात. रस फुटला म्हणतात तो हाच.

गोव्याच्या मणगण्यात दोन्ही रसांची कामे स्पष्ट दिसतात. अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ मऊ, पण अख्खी राहील अशी शिजवावी. तीत दुसरा रस आणि पाऊण वाटी गूळ घालून उकळावे. मणगण्यात दाटपणासाठी साबुदाणा घालतात. परंतु तो कंदापासून होत असल्याने ज्या घरांत वर्ज्य आहे, तेथे पातळ रसात कालवलेली दोन चमचे तांदळाची पिठी लावावी. पिठी शिजली, की आच अगदी मंद करून पहिला रस ओतावा, ढवळत राहावे आणि कडेला वाफ दिसताच, उकळी येण्यापूर्वी, उतरवून वेलदोडा घालावा.

शिरवळ्यांना पहिलाच रस हवा. त्यात गूळ विरघळवून तो न तापवताच वाढतात. सोलकढीत दोन्ही रस एकत्र चालतात, कारण तीही चुलीवर चढत नाही. आमसुलाच्या आगळाने रंग-आंबटपणा येतो, आणि लसूण वगळून जिरे व हिरवी मिरची पुरेशी होते. भाजीच्या रश्श्यात भाजी दुसऱ्या रसात शिजवून पहिला रस शेवटी घालावा.

रस लवकर आंबतो. म्हणून लागेल तेवढाच काढून त्याच दिवशी संपवावा.